उधारीचे 15 दिवस वाढवून मागताना

«आमचा कामगारांचे गणवेश शिवण्याचा लहान कारखाना आहे. नऊ वर्षांपासून कापड एकाच पुरवठादाराकडून 30 दिवसांच्या उधारीवर घेतो. महिन्याला साधारण 6 लाखांचं कापड लागतं, विक्री 10 लाखांची होते. गेल्या वर्षी आमच्या सगळ्यात मोठ्या ग्राहकाने 30 ऐवजी 45 दिवसांनी पैसे द्यायला सुरुवात केली, आणि आमची 60 टक्के विक्री त्याच्याकडेच जाते. तेव्हापासून कापडाचं बिल कधी 35 व्या दिवशी फिटतं, कधी 50 व्या. पुरवठादार अजून काही बोललेले नाहीत, पण त्यांचा फोन आला की उचलायला संकोच वाटतो. त्यांच्याकडे सरळ 60 दिवसांची मुदत मागावी असं मनात आहे. आमचा धंदा बुडतोय असं तर त्यांना वाटणार नाही ना? आणि पटेल असं कारण कसं मांडायचं?»

60 मागू नका, 45 मागा. हा आकडा मी 30 आणि 60 यांच्या मधला म्हणून उचललेला नाही. तो तुमच्याच पत्रातल्या आकड्यांतून निघतो, म्हणूनच तो समोरच्याला पटवता येईल.

तुमच्या मोठ्या ग्राहकाकडे महिन्याला 6 लाखांचा माल जातो, म्हणजे दिवसाला 20 हजारांचा. त्याने 15 दिवस वाढवले म्हणजे तुमचे 3 लाख त्याच्याकडे कायमचे अडकले. आता कापडाची बाजू बघा. तिथेही महिन्याला 6 लाख, दिवसाला 20 हजार. पुरवठादाराने 15 दिवस वाढवून दिले तर बरोबर 3 लाख मोकळे होतात. कापड किती दिवस पडून राहतं, कटिंग आणि शिलाईला किती दिवस लागतात, हे सगळं पूर्वीसारखंच आहे, त्यामुळे त्यातलं काही सांगत बसायची गरज नाही. बदललेली गोष्ट एकच आहे आणि तिचा आकडा 3 लाख आहे. तुम्ही 60 दिवस मागितलेत तर 6 लाख मागितल्यासारखं होतं. उरलेले 3 लाख कशासाठी, या प्रश्नाला तुमच्याकडे उत्तर नाही. ज्याचं उत्तर नाही अशी मागणी केली की समोरचा स्वतःच उत्तर शोधतो, आणि ते उत्तर बहुतेक वेळा «यांचं काही खरं नाही» हेच असतं.

दुसरा हिशेब जरा अवघड वाटेल, पण तुमची खरी ताकद त्यात आहे. गेल्या बारा महिन्यांची कापडाची सगळी बिलं काढा. प्रत्येकासमोर बिलाची तारीख, रक्कम आणि पैसे प्रत्यक्ष गेल्याची तारीख लिहा. मग सरासरी काढा, पण नुसत्या दिवसांची नको, रकमेचं वजन धरून काढा. समजा एका महिन्यात 2 लाखांचं बिल 35 व्या दिवशी फिटलं, 3 लाखांचं 42 व्या आणि 1 लाखाचं 50 व्या. प्रत्येक रकमेला दिवसांनी गुणा: 70, 126 आणि 50. बेरीज 246. तिला एकूण 6 लाखांनी भागा, आले 41 दिवस. तुमची बिलं 35 ते 50 च्या मध्ये फिरताहेत, म्हणून तुमचाही आकडा याच आसपास येईल असं धरून मी पुढे लिहितो. प्रत्यक्ष जो येईल तोच वापरा.

41 याचा अर्थ असा की तुमचे पुरवठादार कागदावर 30 दिवस देतात, पण प्रत्यक्षात 41 दिवस देताहेत. 3 लाखांच्या खड्ड्यातले 2 लाख 20 हजार तुम्ही न विचारता त्यांच्याकडून घेतलेच आहेत. उरलेले 80 हजार तुम्ही स्वतः सोसताय. तेव्हा 45 ची मागणी म्हणजे त्यांच्यासाठी खरी वाढ चारच दिवसांची आहे. आणि त्या बदल्यात त्यांना असं काहीतरी मिळणार आहे जे आज त्यांच्याकडे नाही: पक्की तारीख.

माझी नऊ वर्षं एका घाऊक विक्रेत्याकडे वसुलीच्या टेबलावर गेली. तिथे बसल्यावर जे कळतं ते माल घेणाऱ्याला सहसा कळत नाही. आमच्या जुन्या खतावणीत प्रत्येक ग्राहकाच्या पानावर समासात पेन्सिलीने बारीक आकडे असायचे, पैसे किती दिवसांनी आले त्याचे. 38, 39, 38, 40 असे आकडे असलेलं पान बघून कोणी काही बोलायचं नाही, मुदत 30 ची असली तरी. 29, 52, 33, 61 असं पान आलं की मालक बोट ठेवून विचारायचे, «याचं काय चाललंय?» पहिल्या पानावरची सरासरी 39 आणि दुसऱ्यावरची 44, म्हणजे फरक फार नाही. पण दुसरा कधी देईल ते सांगता येत नाही, म्हणून त्याच्या भरवशावर आपल्या गिरणीला तारीख देता येत नाही. पुरवठादारालाही कोणाचे तरी पैसे द्यायचे असतात. त्याला उशिरापेक्षा अनिश्चिती जास्त महाग पडते. तुमचं पान सध्या दुसऱ्या प्रकारचं आहे, आणि ते त्यांना दिसतंय. ते बोललेले नाहीत एवढंच.

आता त्यांच्या मनातली भीती समजून घ्या, कारण तुमची सगळी मांडणी तिला उत्तर देणारी हवी. व्याजाची भीती लहान असते. चार दिवसांचे 80 हजार वर्षभर अडकले आणि त्यांना पैसा 12 टक्क्यांनी पडत असेल, तर वर्षाला 9,600 खर्च, महिन्याला 800. मोठी भीती बुडण्याची असते. 45 दिवसांची उधारी म्हणजे कोणत्याही क्षणी तुमच्याकडे त्यांचे 9 लाख बाहेर. समजा त्यांना कापडात 5 टक्के सुटतात. 9 लाख बुडाले तर ते भरून काढायला 1 कोटी 80 लाखांची विक्री करावी लागेल. तुमची वर्षाची खरेदी 72 लाखांची, म्हणजे तुमच्यासारख्या ग्राहकाच्या अडीच वर्षांच्या धंद्यातला नफा एका फटक्यात गेला. तुम्ही बिल हाती धरून «फक्त 15 दिवसच तर मागतोय» म्हणता तेव्हा त्यांच्या डोक्यात हा हिशेब चाललेला असतो. म्हणून «नऊ वर्षांचं नातं आहे» हे वाक्य फार काम करत नाही. नातं आहे म्हणूनच ते आजवर गप्प आहेत.

तर मग त्यांना काय द्यायचं? दोन गोष्टी द्या, दोन्ही थेट या भीतीवर काम करणाऱ्या. पहिली, 9 लाखांची लेखी मर्यादा. एकूण येणं 9 लाखांच्या वर गेलं, किंवा एकही बिल 45 दिवसांपुढे गेलं, तर पुढचा माल न विचारता थांबवावा, हे तुम्हीच लिहून द्या. हे त्यांनी घातलं तर अट वाटते, तुम्ही घातलं तर विश्वास बसतो. दुसरी, ठरलेल्या तारखा. सगळी देणी महिन्याच्या 10 आणि 25 तारखेलाच जातील, आणि 45 दिवस पूर्ण व्हायच्या आधीच्या तारखेला जातील, असं कबूल करा. अशाने काही बिलं 45 च्या आधीच फिटतील आणि तुमच्या हातचे थोडे दिवस जातील, पण समासातले आकडे सुधारतील. खरेदी वाढवण्याचं आश्वासन मात्र देऊ नका. विक्री तेवढीच असताना जास्त कापड उचललं तर आज ग्राहकाकडे अडकलेला पैसा उद्या गोदामात अडकेल.

पत्र पाठवण्याआधी एक काम करा, ते टाळलंत तर बाकी सगळं वाया जाईल. 45 दिवसांच्या पुढे गेलेलं एकूण एक बिल आधी फेडा. थोडे पैसे लागतील, आठ-दहा दिवस तंगी होईल, पण थकबाकी उभी ठेवून मुदत मागणं म्हणजे जुनी थकबाकी नव्या नावाने मागणं आहे, आणि ते लगेच ओळखू येतं. पैसे जमा झाल्यावर दोन-तीन दिवसांनी भेट मागा. बिल देय असलेल्या आठवड्यात किंवा मोठी ऑर्डर टाकायच्या दिवशी हा विषय काढू नका. पहिल्या वेळी ती याचना वाटते, दुसऱ्या वेळी दाब.

बोलायचं कोणाशी हेही ठरवा. रोज ऑर्डर घेणारा विक्री प्रतिनिधी तुमच्या ओळखीचा असेल, पण मुदत वाढवायचा अधिकार बहुधा त्याच्याकडे नसतो. तो निरोप वर नेतो आणि निरोपात तुमचा हिशेब गळून जातो. पोचतं ते एवढंच की «त्यांना पैसे द्यायला जमत नाहीये». त्याला आधी कल्पना द्या, त्याला डावललं असं होऊ नये, पण भेट मालकांची किंवा हिशेब बघणाऱ्यांची घ्या.

भेटीत ताकाला जाऊन भांडं लपवू नका. पहिल्या पाच मिनिटांतच तुमच्या उशिराची गोष्ट तुम्हीच काढा, आणि बारा महिन्यांचा तक्ता समोर ठेवा. 50 व्या दिवशी फिटलेलं बिलही त्यात असू द्या. ते त्यांच्या वहीत आहेच. तुमच्या तक्त्यात ते दिसलं नाही तर बाकीच्या आकड्यांवरचाही विश्वास उडेल. सोबत मोठ्या ग्राहकाचं बदललेल्या मुदतीचं पत्र किंवा नव्या अटींची खरेदी ऑर्डर दाखवा, दर झाकून चालेल. कारण खरं आहे याचा तोच पुरावा. आणि त्या ग्राहकाचे पैसे उशिरा का होईना, पण दर वेळी येतात, हे बँकेच्या उताऱ्यावरच्या चार-पाच जमा नोंदींवरून दाखवा. पुरवठादाराच्या दृष्टीने हा सगळ्यात मोलाचा कागद आहे, कारण त्यांचे 9 लाख शेवटी त्याच पैशातून येणार आहेत.

जाताना एक पानी पत्र बरोबर न्या. मी असं लिहीन:

«गेल्या वर्षी आमच्या मुख्य ग्राहकाने देयकाची मुदत 30 वरून 45 दिवस केली. त्यामुळे आमचे 3 लाख जास्तीचे अडकले आणि तुमची देयकं आमच्याकडून सरासरी 41 व्या दिवशी, तीही अनियमितपणे गेली. हे आधीच तुम्हाला सांगायला हवं होतं, ते राहिलं याबद्दल दिलगीर आहे. 45 दिवसांपुढची सर्व बिलं आता फेडली आहेत. पुढील सहा महिन्यांसाठी बिलाच्या तारखेपासून 45 दिवसांची मुदत द्यावी ही विनंती. देणी दर महिन्याच्या 10 आणि 25 तारखेला जातील. एकूण येणं 9 लाखांवर जाणार नाही. यातलं काहीही मोडलं तर माल थांबवून 30 दिवसांची मुदत लगेच लागू करावी. सहा महिन्यांनी आपण एकत्र बसून नोंदी बघू.»

या पत्रातल्या «सहा महिन्यांसाठी» या दोन शब्दांकडे लक्ष द्या. कायमची सवलत द्यायला माणूस कचरतो, कारण ती परत घेताना वाईटपणा येतो. मुदतीची सवलत द्यायला सोपी जाते, कारण ती आपोआप संपते. सहा महिने तारखा पाळल्यात तर ती वाढवून मागायला तुम्हाला नवं काही सिद्ध करावं लागणार नाही.

त्यांच्याकडून तीन प्रकारची उत्तरं येऊ शकतात. पहिलं, «सगळ्यांनाच 30 आहेत, तुम्हाला वेगळं कसं देऊ?» ही अडचण खरी असते, एकाला दिलं की चार जण मागतात. तेव्हा दिवस वाढवून न मागता मोजणी बदलून मागा: बिलाच्या तारखेपासून 30 ऐवजी महिनाअखेरपासून 30 दिवस. महिन्याच्या 1 तारखेच्या बिलाला मग जवळपास 60 दिवस मिळतात, शेवटच्या दिवसाच्या बिलाला 30. खरेदी महिनाभर सारखी विभागलेली असेल तर सरासरी 45 च पडते, पण पैसे देण्याच्या आदल्या दिवशी येणं 12 लाखांपर्यंत चढतं, म्हणून 9 लाखांची लेखी मर्यादा त्याप्रमाणे बदलावी लागेल. कागदावर मुदत 30 च राहते, आणि त्यांना महिन्याभराच्या सगळ्या बिलांचे पैसे एकाच दिवशी एकरकमी मिळतात, प्रत्येक बिलामागे धावावं लागत नाही. मात्र या सोयीनंतर सगळा माल 1 ते 5 तारखेतच उचलायला लागलात तर त्यांना ते दुसऱ्याच महिन्यात दिसेल आणि गोष्ट संपेल.

दुसरं उत्तर, «देतो, पण भाव 1 टक्का वाढेल.» इथे थांबून हिशेब करा. 15 दिवसांसाठी 1 टक्का म्हणजे वर्षाला 24 टक्क्यांच्या वर. 15 दिवसांना अर्धा टक्का म्हणजे साधारण 12. तुम्हाला बँकेकडून खेळत्या भांडवलाचं कर्ज यापेक्षा स्वस्त मिळत असेल तर ते 3 लाख बँकेतून घ्या आणि पुरवठादाराला 30 व्या दिवशी पैसे देत राहा. भाववाढ मान्य करायचीच असेल तर अर्ध्या टक्क्याच्या वर जाऊ नका, आणि ती बिलात वेगळ्या ओळीत दाखवायला सांगा. भावात मिसळलेली वाढ मुदत परत 30 वर आली तरी तिथेच राहते.

तिसरं उत्तर, जे जास्त वेळा येतं, «बघू, तुम्ही करा सुरू.» याला होकार समजू नका. तोंडी होकार हिशेबनिसाच्या संगणकापर्यंत पोचत नाही, तिथे मुदत 30 च राहते आणि 31 व्या दिवशी तुम्हाला थकबाकीचा निरोप येतो. त्याच संध्याकाळी दोन ओळी लिहून पाठवा: कोणत्या तारखेच्या बिलापासून 45 लागू, मोजणी बिलाच्या तारखेपासून की माल पोचल्याच्या, मर्यादा किती. उत्तरात नुसतं «ठीक» आलं तरी पुरे. आणि 45 ऐवजी 40 वर थांबले तर वाद घालू नका, घ्या. तेव्हा 3 लाखांतले 1 लाख तुम्हाला सोसावे लागतील. आज तुम्ही 80 हजार सोसताच आहात.

यात एक अवघड प्रश्नही येऊ शकतो: «तुमच्या विक्रीत तुमचा नफा आणि मजुरीही आहे. तिचा भार माझ्यावर कशाला?» प्रश्न रास्त आहे, आणि त्याला खोटं उत्तर देऊ नका. सांगा की मोठ्या ग्राहकाशीही तुमचं बोलणं चालू आहे. अर्थात ते खरंच चालू हवं. ज्याने मुदत वाढवली त्याच्याकडे 15 चे 7 दिवस जरी परत मिळाले तरी 1 लाख 40 हजार मोकळे होतात. नुकसान जिथून आलं तिथे काहीच न बोलता ते पुढच्यावर ढकलणं मलाही योग्य वाटत नाही.

मागणी करण्याआधी एक तपासणी स्वतःसाठी करा. वाढीव मुदत पैसे एकदाच मोकळे करते, दर महिन्याला नाही. म्हणून गेल्या वर्षातला दर महिनाअखेरचा आकडा मांडा: ग्राहकांकडून येणं अधिक पडलेला माल अधिक बँकेतली शिल्लक, वजा सगळी देणी. विक्री तेवढीच असताना ग्राहकाने मुदत बदलली तेव्हा बँकेतली शिल्लक एकदा खाली गेली आणि मग तिथेच राहिली असेल, तर अडचण फक्त वेळेची आहे आणि 15 दिवसांनी ती सुटेल. पण घरात काढलेली रक्कम धरूनही हा एकूण आकडा दर महिन्याला थोडा थोडा घटत असेल, तर पैसे नफ्याच्या बाजूने गळताहेत. तेव्हा 45 दिवस मिळाले तरी तीन-चार महिन्यांत तुम्ही पुन्हा तिथेच याल, फक्त पुरवठादाराचे आजच्या 8 लाख 20 हजारांऐवजी 9 लाख अडकलेले असतील. असं दिसलं तर मुदत मागू नका, गणवेशाचा दर आधी तपासा.

कायद्याची एक बाजू माहीत असू द्या. भारतात सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदणी असलेल्या पुरवठादाराला, 2006 च्या कायद्यानुसार, लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात. त्यापुढे चक्रवाढ व्याज लागतं. तुमचे पुरवठादार अशा नोंदणीत बसतात का ते विचारून घ्या. बसत असतील तर तुमच्या मनातले 60 दिवस तसेही टिकले नसते, आणि महिनाअखेरपासूनच्या मोजणीत 45 च्या पुढे जाणारी बिलंही टिकणार नाहीत.

मुदत मिळाली तर पहिलं देणं 45 व्या दिवसाची वाट न बघता आधीच्या 10 किंवा 25 तारखेला करा, आणि कोणत्या बिलांचे पैसे गेले त्यांचे क्रमांक त्याच दिवशी हिशेबनिसाला कळवा. एखाद्या महिन्यात मोठ्या ग्राहकाचे पैसे अडकले आणि तारीख चुकणार असं दिसलं, तर ते त्या तारखेच्या आधीच फोन करून सांगा, अर्धी रक्कम आज आणि उरलेली कोणत्या तारखेला ते नेमकं. आणि आता फोन त्यांचा आला तरी पहिल्या घंटीला उचला.